व्हीरॅम भरली की गेम अटकतो: टेक्स्चर कमी करू की दुसरं काही? नेहमी येणारे प्रश्न

जळगावात माझं कॉम्प्युटर असेंब्लीचं छोटं दुकान आहे आणि दुकानाच्या व्हॉट्सॲपवर शनिवार-रविवार आला की एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते. कुणी लिहितं "भाऊ गेम झटके मारतो", कुणी सरळ अहिराणीत "भो, मना गेम अडकी अडकी चालस". प्रत्येकाला वेगळं टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून प्रश्नांना नंबर दिलेत.

१. व्हीरॅम संपली म्हणजे नक्की काय होतं? गेम बंद न पडता नुसता का अटकतो?

कारण विंडोज सामान फेकून देत नाही, ते दुसरीकडे नेऊन ठेवतं. ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, जागा उरली नाही की काही टेक्स्चर, म्हणजे भिंती-कपड्यांवर चिकटवलेली चित्रं, वगैरे कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये जातात आणि लागली की मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डापर्यंत यावी लागतात. दुकान रेल्वे फाटकाच्या अलीकडे आणि गोडाऊन पलीकडे असं समजा. माल आहे, कुठे हरवलेला नाही, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना फाटक पडलं की झालं.

फरक किती ते बघा. आरटीएक्स ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी वेगाने वाचली जाते. तेच कार्ड जुन्या, पीसीआयई ३.० वाल्या बोर्डात लावलं तर स्लॉटमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी येतात, कारण हे कार्ड स्लॉटच्या १६ पैकी ८ च लेन वापरतं. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, तेवढ्यात कार्डाच्या मेमरीतून साधारण साडेचार जीबी वाचता येते आणि फाटकापलीकडून फक्त १३० एमबी. आता एखाद्या फ्रेमला अचानक बाहेरचं ५०० एमबी लागलं तर ती एकच फ्रेम ६० मिलिसेकंदांच्या वर जाते. तोच तुमचा झटका. सरासरी एफपीएस चांगली दिसते आणि हाताला मात्र गेम खडबडीत लागतो तो असा.

२. पण व्हीरॅमच संपलीये हे कळणार कसं? प्रोसेसर, रॅम, काहीही असू शकतं की.

असू शकतं, म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी पाच मिनिटं हे करा. Ctrl+Shift+Esc दाबा, Performance मध्ये जाऊन डावीकडे GPU निवडा. खाली दोन आकडे दिसतील, Dedicated GPU memory आणि Shared GPU memory. गेम सुरू करायच्या आधी दुसरा आकडा लिहून ठेवा, शे-दोनशे एमबी असतोच, त्यात घाबरायचं काही नाही. मग वीसेक मिनिटं खेळा, जिथे अटकतो त्याच जागी जा आणि पुन्हा बघा. Dedicated गळ्यापर्यंत भरलेली आणि Shared ०.२ वरून १ जीबीच्या पुढे गेलेली असेल तर चोर सापडला.

खेळतानाच्या खुणाही असतात. गेम सुरुवातीला लोण्यासारखा चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी बिघडतो, कॅमेरा गर्रकन फिरवला किंवा मोकळ्या जागेतून गजबजलेल्या बाजारात शिरलात की झटका येतो, आणि झटक्याच्या वेळी कार्डाचा वापर ९८ टक्क्यांवरून खाली येतो कारण बिचारं माल येण्याची वाट बघत बसलेलं असतं.

उलट, नवीन स्फोट किंवा नवीन शत्रू पहिल्यांदा दिसला तेव्हाच अटकलं आणि दुसऱ्यांदा तिथेच नाही अटकलं, तर ते शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार होण्याचं आहे, त्याला टेक्स्चर कमी करून काही फरक पडणार नाही. आणि Memory च्या पानावर साधी रॅमच काठोकाठ भरलेली, डिस्क १०० टक्के, असं दिसलं तर आधी रॅम वाढवा. ८ जीबी रॅमवाल्यांना दोन्ही दुखणी एकदम असतात, कारण व्हीरॅममधून सांडलेलं शेवटी रॅमवरच पडतं.

३. माझी ८ पैकी ७.६ जीबी भरलेली दिसते. म्हणजे संपलीच ना?

नाही. बरेच गेम रिकामी जागा दिसली की पुढे लागेल म्हणून टेक्स्चर भरून ठेवतात, ती साठवण आहे, गरज नव्हे. Shared वाढत नसेल आणि गेम अटकत नसेल तर ७.६ ला ७.६ राहू द्या.

४. सगळे म्हणतात टेक्स्चर कमी कर. टेक्स्चरच का? रिझोल्युशन कमी केलं तर?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि यात थोडा हिशोब केला की डोक्यात कायमचं बसतं.

गेममधलं एक मोठं टेक्स्चर ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं असतं. म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेल, आणि हल्ली वापरतात त्या कॉम्प्रेशनमध्ये पिक्सेलला एक बाइट धरली तर १६ एमबी. लांबून बघायला त्याच्याच लहान लहान प्रती सोबत ठेवलेल्या असतात, त्या धरून २१ एमबी. सेटिंग एक पायरी खाली आणलं की तेच टेक्स्चर २०४८ बाय २०४८ चं होतं, म्हणजे लांबी-रुंदी निम्मी आणि जागा चौथा हिस्सा, सव्वापाच एमबी. एका टेक्स्चरमागे जवळपास १६ एमबी सुटली. एका दृश्यात अशी शंभर टेक्स्चर असली तर दीड जीबी मोकळी.

आता रिझोल्युशन. १०८०पी चा पडदा म्हणजे २०.७ लाख पिक्सेल, पिक्सेलला ४ बाइट धरल्या तर एक थर ८ एमबीचा. गेम पडद्यावर चित्र आणायच्या आधी असे बरेच थर बनवतो, खोलीचा, प्रकाशाचा, हालचालीचा, काही जाडही असतात, पण वीस थर धरले तरी १६० एमबी. ७२०पी वर आलात तर ९.२ लाख पिक्सेल, म्हणजे त्यातले नव्वद एमबी वाचले. पडदा धूसर झाला आणि मिळालं काय, तर सहा टेक्स्चर एक पायरी उतरवल्याएवढं. म्हणून १०८०पी वर व्हीरॅमसाठी रिझोल्युशन कमी करणं हा तोट्याचा सौदा आहे. त्याने एफपीएस वाढतात म्हणून लोकांना वाटतं काहीतरी झालं, पण झटके तिथेच असतात.

फोर-के टीव्हीला पीसी जोडून खेळणाऱ्यांचं गणित वेगळं आहे बरं का. तिथे प्रत्येक थर १०८०पी च्या चौपट, त्यामुळे फोर-के वरून १४४०पी वर आल्याने खरोखर काहीशे एमबी सुटतात. शॅडोचं मधलं आहे: सावलीचे चार नकाशे ४०९६ चे असले तर २५६ एमबी, २०४८ चे केले तर ६४. अल्ट्राच्या सावल्या हायवर आणल्या तर कुणाला कळतही नाही, तेव्हा टेक्स्चरनंतर दुसरा नंबर शॅडोचा.

५. टेक्स्चर कमी केलं की सगळं मेणासारखं दिसेल ना?

एक पायरी उतरलात तर बहुतेक वेळा नाही. १०८०पी च्या पडद्यावर समोरच्या भिंतीला अगदी नाक लावून उभे राहिलात तरच ४०९६ वालं टेक्स्चर पूर्ण कामी येतं, बाकी वेळ गेम त्याच्या लहान प्रतीच वापरतो. अल्ट्रा आणि हाय यांचे स्क्रीनशॉट दुकानात शेजारी शेजारी लावून मी पोरांना ओळखायला सांगतो, अंदाजपंचेच सांगतात. मजा बिघडते ती मीडियमच्या खाली. लो वर पाट्यांवरची अक्षरं, कपड्याची वीण, दगडाचा खडबडीतपणा सगळं पुसून जातं.

म्हणून सरळ तळाला उडी मारू नका, जी चूक दहातले आठ जण करतात. एक पायरी, गेम बंद करून पुन्हा चालू, आकडा बघा, मग दुसरी पायरी. आणि टेक्स्चर मावत असेल तर ते कमी केल्याने एफपीएस वाढत नाहीत, उगाच कमी करून बसू नका. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग तर व्हीरॅमसाठी अजिबातच कमी करू नका, ते जागा खात नाही आणि बंद केलं की लांबचा रस्ता पुसट होतो.

६. टेक्स्चरला हात न लावता आधी काही फुकटात वाचतं का?

वाचतं, आणि हेच आधी करा. ब्राउझरमध्ये तीस टॅब, बाजूला व्हिडिओ, डिस्कॉर्ड, हलणारा वॉलपेपर, हे सगळे व्हीरॅममध्येच बसलेले असतात. टास्क मॅनेजरच्या Details मध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करून Select columns मधून Dedicated GPU memory लावा, कोण किती खातं ते नावानिशी दिसतं. ४ जीबीच्या कार्डावर पाचशे एमबी ही काही चेष्टा नाही.

लॅपटॉप असेल किंवा प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक असेल तर ब्राउझरला तिकडे ढकलता येतं: Settings मधून System, मग Display, मग Graphics, तिथे ब्राउझर निवडून Power saving करा. दोन मॉनिटर असतील तर दुसरा मॉनिटर सरळ मदरबोर्डच्या पोर्टला लावा. आपल्याकडे बरेच जण आय३ किंवा आय५ च्या नावाच्या शेवटी "एफ" असलेला स्वस्त प्रोसेसर घेतात, त्यात हे ग्राफिक नसतं, त्यांना हा रस्ता बंद.

७. रे ट्रेसिंग, फ्रेम जनरेशन, डीएलएसएस, एफएसआर यांचं काय?

रे ट्रेसिंगला अख्ख्या दृश्याचा एक वेगळा नकाशा व्हीरॅममध्ये ठेवावा लागतो, किरण कुठे आदळला ते शोधायला. तो काहीशे एमबी ते जीबीच्या आसपास सहज जातो. फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डाने स्वतःच बनवणं, तर जखमेवर मीठ आहे, कारण लोक गेम अटकतो म्हणून ते चालू करतात आणि ते स्वतःच जागा खातं, त्यामुळे झटके वाढतात. व्हीरॅम सांडत असेल तर हे दोन आधी बंद, टेक्स्चर नंतर.

डीएलएसएस आणि एफएसआर चित्र आधी लहान काढून मग मोठं करतात, त्याने थोडी जागा सुटते कारण आतले थर लहान होतात, पण शेवटचं चित्र पूर्ण आकाराचंच लागतं आणि टेक्स्चर मोठ्या पडद्याच्या हिशोबानेच मागवली जातात. म्हणजे एफपीएससाठी उत्तम, व्हीरॅमसाठी किरकोळ.

८. एखादं खरं उदाहरण सांगा ना, नुसतं गणित नको.

मागच्या दिवाळीनंतर भुसावळचा एक पोरगा अख्खा कॅबिनेट मोटारसायकलवर मांडीत घेऊन आला, मागे बसून. आरटीएक्स ४०६०, पीसीआयई ३.० वाला बी४५० चा बोर्ड, १६ जीबी रॅम, १४४०पी चा मॉनिटर. म्हणे कार्ड खराब निघालं, विकून टाकू का. नव्या ओपन वर्ल्ड गेममध्ये सगळं अल्ट्रा, रे ट्रेसिंग चालू, फ्रेम जनरेशन चालू. शहराच्या चौकात गेलं की दर दोन-तीन सेकंदाला आचका.

बघितलं तर Dedicated ७.७ आणि Shared १.६, गेम नसताना ती ०.२ होती. म्हणजे जवळपास दीड जीबी फाटकापलीकडे. त्याने घरी १४४०पी वरून १०८०पी करून पाहिलं होतं आणि "काही फरक नाही" म्हणत होता. तेच त्याच्यासमोर परत केलं, Shared १.४ झाली. दोनशे एमबी, बस. रिझोल्युशन परत १४४०पी वर ठेवलं. मग फ्रेम जनरेशन बंद, Shared १.२. रे ट्रेसिंग बंद करून गेम पुन्हा चालू केला, ०.६. चौकात अजून अधूनमधून आचका होता. मग टेक्स्चर अल्ट्रावरून हाय, पुन्हा गेम बंद-चालू, Dedicated ७.१ आणि Shared ०.२. चौकात चार चकरा मारल्या, फ्रेमटाइमची रेघ सपाट.

पोरगं खूश, पण त्याला रे ट्रेसिंग पाहिजेच होतं. टेक्स्चर हायवर ठेवून ते परत चालू केलं तर Shared ०.७ आणि आचके परत. शेवटी त्याच्यापुढे दोनच वाटा उरल्या, रे ट्रेसिंग आणि मीडियम टेक्स्चर किंवा हाय टेक्स्चर आणि साधा प्रकाश. मी दुसरं घेतलं असतं. त्याने पहिलं घेतलं, रात्री पावसातल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब दिसतं म्हणून. त्याचा गेम, त्याची मर्जी. कार्ड मात्र विकलं नाही.

९. टेक्स्चर कमी केलं तरी तसाच अटकतोय. आता?

पहिलं म्हणजे गेम पूर्ण बंद करून चालू केला का? बरेच गेम जुनी मोठी टेक्स्चर लगेच सोडत नाहीत, आणि एकदा बाहेर गेलेला माल विंडोज लगेच आत आणेलच असं नाही. ऑल्ट-टॅब करून ब्राउझरमध्ये जाऊन आल्यावर गेम खराब चालतो तो यामुळेच. दुसरं, मॉड टाकलेत का? मॉडमधली टेक्स्चर बऱ्याचदा गेमच्या सेटिंगला जुमानत नाहीत, मेनूत मीडियम आणि आत सगळं फोर-के. तिसरं, तुमच्या गेममधलं "टेक्स्चर" सेटिंग टेक्स्चरचं नसेलच, ते पुढच्या प्रश्नात. आणि Shared मुळात वाढतच नसेल तर परत प्रश्न २ वर जा, रोग वेगळा आहे.

१०. "टेक्स्चर पूल साइज" म्हणजे काय? टेक्स्चर क्वालिटीच ना?

नाही, आणि हे समजलं तर खूप फायदा आहे. पूल म्हणजे टेक्स्चरसाठी राखून ठेवलेल्या जागेचा आकार. डूम इटर्नल आणि इंडियाना जोन्सच्या २०२४ च्या गेममध्ये हे सेटिंग याच नावाने आहे. इथे पायरी उतरवली तरी समोरचं टेक्स्चर पूर्ण चांगलंच राहू शकतं, फक्त कमी सामान तयार ठेवलं जातं, त्यामुळे पटकन वळलात तर भिंत आधी धूसर दिसून क्षणभराने स्पष्ट होते. ८ जीबीच्या कार्डावर इंडियाना जोन्समध्ये हे सेटिंग वर ठेवलं की एफपीएस कोसळतात आणि खाली आणलं की गेम सरळ होतो, दिसण्यात फारसा फरक न पडता. असं सेटिंग दिसलं तर बिनधास्त कमी करा.

अनरिअल इंजिनवरच्या काही गेममध्ये मेनूत हे नसतं, पण Engine.ini फाइलमध्ये शेवटी टाकता येतं, आकडा एमबीमध्ये:

```
[SystemSettings]
r.Streaming.PoolSize=2500
```

६ जीबीच्या कार्डासाठी सुरुवातीला एवढा ठीक आहे. झटके गेले नाहीत तर कमी करा, टेक्स्चर सतत धूसर राहायला लागली तर वाढवा. काही गेम ही ओळ ऐकत नाहीत. आणि ऑनलाइन, अँटी-चीटवाल्या गेमच्या फाइलींना हात लावू नका, अकाउंट गेलं तर माझ्याकडे येऊ नका.

११. Shared GPU memory तर ८ जीबी दिसतेय! मग माझ्याकडे १६ जीबीचं कार्ड झालं ना?

नाही भो. ती तुमच्याच रॅमची निम्मी, गरज पडली तर वापरायची परवानगी आहे. तिथे गेलेलं हळूच येतं, प्रश्न १ बघा.

याचाच जुळा भाऊ: एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये "CUDA - Sysmem Fallback Policy" नावाचं सेटिंग आहे, ते बंद केलं की सांडणं थांबतं असं कुणीतरी व्हिडिओत सांगितलं म्हणे. नावातच कूडा आहे बघा, ते कार्डावर एआयसारखे हिशोब चालवणाऱ्या कामांसाठी आहे, गेमच्या टेक्स्चरवर त्याचा परिणाम नाही. आणि पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल, बंद करायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका, व्हीरॅमच्या मागणीचा हिशोब विंडोज तिकडेही लावतं आणि मग झटका न येता गेम सरळ डेस्कटॉपवर येऊन पडतो.

१२. गेम अटकत नाही, पण टेक्स्चर मेनूत अल्ट्रा असूनही चिखलासारखी दिसतात.

हे उलटं लक्षण, आजार तोच. काही गेम अटकण्यापेक्षा गुपचूप लहान टेक्स्चर लावतात. एफपीएस छान, आकडेही छान, आणि समोरचा दरवाजा लोण्यात बुडवलेला. इथे गंमत अशी की सेटिंग अल्ट्रावरून हायवर आणलं तर चित्र सुधारतं, कारण आता सगळं मावतं आणि गेमला अर्धं टाकून द्यावं लागत नाही.

१३. उन्हाळ्यातच का अटकतो मग?

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि कूलर सोफ्याकडे तोंड करून, कॅबिनेटकडे कुणाचं लक्ष नाही. गरम झालेलं कार्ड स्वतःचा वेग कमी करतं, पण त्यात एफपीएस एकसारखी खाली येते आणि खालीच राहते, ६० वरून ४५. व्हीरॅमच्या झटक्यात ६०, ६०, १४, ६० असं होतं. दोन्ही वेगळे ओळखायला शिका, नाहीतर पोरं टेक्स्चर कमी करत बसतात आणि आत जाळीवर बोटभर धूळ असते.

१४. ४ जीबीचं कार्ड आहे. नवीन घेताना काय बघू?

४ जीबीवर जीटीएक्स १६५० सारख्या कार्डात जुने गेम मीडियम-हाय टेक्स्चरवर अजून मजेत चालतात, जीटीए ५ तर मेनूतच वर पट्टी दाखवतो किती मेमरी लागेल ती, पट्टी लाल होऊ देऊ नका एवढंच. बऱ्याच नवीन मोठ्या गेमना मात्र लो टेक्स्चरवरही जागा पुरत नाही, तिथे कोणतंही सेटिंग वाचवणार नाही.

घेताना फक्त कार्डाचा नवा नंबर बघू नका. जुना बोर्ड असेल तर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० वापरलेलं मिळालं तरी माझ्या मते ८ जीबीच्या नव्या कार्डापेक्षा निवांत चालतं, कारण मेमरी जास्त आणि ते पूर्ण १६ लेन वापरतं, म्हणजे सांडण्याची वेळ कमी आणि सांडलंच तर फाटक दुप्पट रुंद. आरएक्स ६५०० एक्सटी तर ४ च लेनवर चालतं आणि त्याच्या ४ जीबीवाल्या मॉडेलला पीसीआयई ३.० च्या बोर्डात घालणं म्हणजे फाटकात सायकलच जाईल एवढी फट ठेवण्यासारखं आहे. वापरलेलं घेताना विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास गेम चालवून बघा, टास्क मॅनेजर उघडा ठेवून.